ऊस वाढला आणि इंटरनेट मंदावलं

रस्त्याकडेला दुकान आणि मागे मळ्यात घर, ही मांडणी पश्चिम महाराष्ट्रात जागोजागी दिसते. फायबरची केबल रस्त्यानं जाते, म्हणून दुकानात इंटरनेट येतं. घरापर्यंत केबल न्यायची तर मधे शेतं, पाट आणि भाऊबंदांचे बांध आडवे येतात. अशा ठिकाणी दोन्हीकडे खांबावर एकेक वायरलेस युनिट लावून काम भागतं. पण जानेवारीत, ऊस तुटून गेल्यावर जोडलेली लिंक दिवाळीपर्यंत रडायला लागते, आणि दोष बिचाऱ्या युनिटला मिळतो.

समजा, अंतर ४०० मीटर आहे आणि युनिटं ५ गिगाहर्ट्झची आहेत. जानेवारीत दोन्हीकडे ४ मीटर उंचीवर ती लावली. दुकानातून घराचा खांब स्वच्छ दिसतो, मग अडचण कसली? अडचण अशी की रेडिओलहर दोरीसारखी एका रेषेत जात नाही. दोन युनिटांच्या मधे ती फुगते. या फुगवट्याला फ्रेनेल झोन म्हणतात. आपल्या अंतराला ऐन मध्यावर त्याची त्रिज्या सुमारे २.३ मीटर भरते. त्यातला निदान ६० टक्के भाग, म्हणजे रेषेच्या चहूबाजूंनी साधारण १.४ मीटर, मोकळा हवा. ४ मीटरमधून १.४ वजा केले की उरले २.६. वाढलेला ऊस ३ मीटरच्या वर सहज जातो, वर तुरा वेगळाच. म्हणजे खांब दिसत असतानाही लहरीच्या वाटेत पाला येतो. पाल्यात पाणी असतं आणि पाणी या लहरी शोषतं. दोन्ही खांब ६ मीटरवर नेले तर फुगवट्याचा सगळा भाग ३.७ मीटरच्या वर राहतो. पैसे खर्चायचेच असतील तर महागड्या युनिटाऐवजी आधी पाइपावर आणि त्याला ताण देणाऱ्या तारांवर खर्चावेत.

चढण्याआधी सगळी सेटिंग खाली टेबलावर करून घ्यावी. दुकानातलं युनिट अ‍ॅक्सेस पॉइंट, घरातलं क्लायंट. एकाच कंपनीच्या दोन युनिटांना कारखान्यातून एकच आयपी पत्ता आलेला असतो, तो एकाचा बदलावा लागतो. घरी वायफायसाठी दुसरा राउटर लावला तर त्याचं डीएचसीपी बंद ठेवावं, कारण पत्ते वाटणारा एकच असावा आणि तो दुकानातला राउटर.

आता दिशा. युनिटाच्या पानावर सिग्नल उणे आकड्यात दिसतो, एकक डीबीएम. आकडा शून्याकडे सरकेल तितका चांगला. ३ नं घसरला की पोचणारी शक्ती निम्मी, १० नं घसरला की दहावा हिस्सा. १३ डीबीआयचा अँटेना दोन्हीकडे आणि २० डीबीएम शक्ती धरली, तर ४०० मीटरवर हिशेबानं उणे ५४च्या आसपास मिळायला हवं. हा आकडा आधी काढून ठेवणं फार गरजेचं, कारण इतक्या कमी अंतरावर तोंड वाकडं असलं तरी लिंक जुळते. दिवे लागतात, माणूस खूश होऊन खाली उतरतो, आणि पानावर असतात उणे ६८.

अशा अँटेनाचा झोत आडवा सुमारे ४५ अंश रुंद असतो. त्यामुळे मधल्या पट्ट्यात आकडा जवळपास हलतच नाही, आणि सर्वांत चांगली जागा शोधत बसणारा चकतो. त्याऐवजी कडा शोधाव्यात. युनिट हळूहळू डावीकडे फिरवायचं, आकडा ६ नं पडला की पाइपावर खूण करायची. मग उजवीकडे नेऊन तितकाच पडेल तिथे दुसरी खूण. दोन खुणांचा मध्य ही खरी दिशा. प्रत्येक हालचालीनंतर काही सेकंद थांबावं, पानावरचा आकडा मागून येतो. एका वेळी एकच टोक हलवायचं, दुसरं अगदी स्थिर. आधी आडवी दिशा, नंतर उभा कल. कलाबाबत उगाच उत्साह दाखवला जातो: ४०० मीटरवर ३ मीटरचा उंचीचा फरक म्हणजे अर्ध्या अंशाहूनही कमी. युनिट सरळ उभंच ठेवलं तरी चालतं. क्लॅम्प आवळताना युनिट थोडं फिरतं, तेव्हा आवळल्यावर आकडा परत पाहावा आणि तारखेसह लिहून ठेवावा.

पुढे बिघाड झालाच, तर तो कसा झाला यावरून कारण कळतं. महिनोन्‌महिने आकडा थोडाथोडा उतरत असेल तर वाटेत पीक किंवा झाड वाढतंय. पाऊस पडल्यावर उतरून ऊन पडताच सावरत असेल तर ओला पाला. एवढ्याशा अंतरात नुसत्या पावसानं ५ गिगाहर्ट्झचं फारसं बिघडत नाही. वादळानंतर एकदम १० नं पडला तर पाइप फिरला आहे. आणि आकडा उणे ५४ला ठाम असून वेग मात्र कमी असेल तर दिशेला हात लावू नये. शेजारच्या कुणाचं तरी युनिट त्याच चॅनलवर असेल, चॅनल बदलून पाहावा.