आव नाही, दूध नाही, तरी पोट बिघडलेलेच

ठाण्याहून रोज लोकलने फोर्टला जाणारा पस्तिशीचा एक नोकरदार घेऊ. माणूस काल्पनिक, पण पोटविकारतज्ज्ञांना चेहरा ओळखीचा वाटेल. तीन-चार दिवस शौचाला खडा होतो, कुंथावे लागते, पोट साफ झाल्यासारखे वाटत नाही. मग एखाद्या सकाळी घराबाहेर पडण्याआधी तीन-चारदा पातळ होते. संध्याकाळपर्यंत पोट इतके तट्ट फुगते की पट्ट्याचे एक भोक सैल करावे लागते. बेंबीखाली कळ येते, शौचाला जाऊन आल्यावर ती थोडी ओसरते. वर्षभर हे चालू आहे, पण वजन तेवढेच आहे आणि रात्री झोपमोड होत नाही.

त्याच्या फाइलमध्ये शौच तपासणीचे तीन रिपोर्ट आहेत. एकावर अमिबाच्या सिस्ट दिसल्याचे लिहिले आहे, म्हणून मेट्रोनिडॅझोलचे दोन कोर्स झाले. दर वेळी पंधरा दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच. घरी निदान झाले, ‘आव जुनी आहे, मुरली आहे.’

त्या एका रिपोर्टवर फार भरवसा ठेवता येत नाही. आमांश करणारा एन्टामिबा हिस्टोलिटिका आणि निरुपद्रवी एन्टामिबा डिस्पार यांच्या सिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब सारख्या दिसतात. शौचात सापडणाऱ्या अशा सिस्टपैकी पुष्कळ दुसऱ्या जातीच्या असतात. खरा आमांश निराळाच दिसतो. मुरडा येऊन थोडे थोडे शौच होते, त्यात शेंब आणि रक्त असते, कधी ताप येतो. जिआर्डियाचा संसर्ग मात्र फसवा असतो. त्यात दुर्गंधीयुक्त पातळ शौच आणि गुबारा कित्येक आठवडे टिकू शकतो, म्हणून त्याची तपासणी करून घेणे योग्यच. पण संसर्गाला सहसा एक सुरुवात असते: अमुक दिवसापासून बिघडले. शिवाय मध्येच चार दिवस खडा होणे हे त्याचे लक्षण नव्हे. गोळ्यांनी बरे वाटते त्याचे एक साधे कारण असे, की हा विकार मुळातच चढउतारांचा आहे. माणूस सर्वांत त्रासलेला असताना डॉक्टरांकडे जातो, आणि त्यानंतर उतार बहुधा येणारच असतो.

दुधाचा संशय दुसरा. भारतात मोठ्या वयात लॅक्टोज नीट न पचणारी माणसे बहुसंख्य आहेत, त्यामुळे हा संशय अनाठायी नाही. लहान आतड्यात न पचलेले लॅक्टोज मोठ्या आतड्यात उतरते, पाणी ओढून घेते, जंतू ते आंबवतात आणि वायू होतो. म्हणून दूध प्यायल्यावर अर्ध्या तासापासून काही तासांत पोट गुडगुडते, फुगते, पातळ होते. ही तक्रार मात्रेवर चालते. पेलाभर, म्हणजे २५० मिलिलिटर दुधात साधारण १२ ग्रॅम लॅक्टोज असते. लॅक्टोज न पचणाऱ्यांपैकीही बरेच जण एका वेळी तेवढे सोसतात, चहातल्या दुधाचे तर त्यांना काहीच वाटत नाही. दह्यातले जंतू लॅक्टोज पचवायला मदत करतात, म्हणून दही चालते. खात्री करायची तर दोन आठवडे दूध सोडून पुन्हा पिऊन पाहावे, किंवा श्वासातल्या हायड्रोजनची चाचणी करावी.

आपल्या नोकरदाराने दूध सोडले. फुगणे थोडे कमी झाले, पण खडा आणि जुलाब यांचे चक्र तसेच राहिले. याचा अर्थ असा, की त्याला दूध थोडे बाधत असेलही, पण मूळ दुखणे तेथे नाही. हे दोन्ही एकाच पोटात असू शकते, आणि घोळ होतो तो इथेच.

तिसरी शक्यता कोणी फारशी विचारत नाही, ती म्हणजे घरातल्या डबीची. खडा झाला की रात्री सोनामुखीचे चूर्ण घ्यायचे, सकाळी जुलाब झाले की ऑफिसला जायचे म्हणून लोपेरामाइडची गोळी. गोळीने आतडे थंडावते, पुन्हा खडा, पुन्हा चूर्ण. आलटून पालटून होण्याचा काही भाग असा माणसाने स्वतःच घडवलेला असतो. म्हणून शौचाचे स्वरूप ठरवायचे ते ही दोन्ही औषधे बंद असलेल्या दिवसांवरून.

यासाठी ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी तयार केलेला तक्ता वापरतात. त्यात शौचाचे सात प्रकार आहेत: पहिले दोन खड्याचे, शेवटचे दोन पातळ. नोकरदाराने औषधे थांबवून दोन आठवडे नोंद ठेवली. २० वेळच्या शौचांपैकी ६ खड्याची, ७ पातळ, बाकीची बरी. दोन्ही टोके एकेक चतुर्थांशाहून जास्त, म्हणजे मिश्र प्रकार. २०१६च्या रोम निकषांनुसार इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आयबीएस, म्हणायचे तर गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोटात दुखायला हवे. त्या दुखण्याचा संबंध शौचाला जाण्याशी किंवा शौचाची वेळ आणि घट्टपणा बदलण्याशी असावा आणि सुरुवात सहा महिन्यांपूर्वीची असावी. दुखणे नसेल तर हे निदान बसत नाही. नोकरदाराचे सगळे बसते.

मग बिघडते काय? आतड्याला जखम नसते, पण त्याची जाणीव तिखट झालेली असते. एरवी कळणारही नाही इतक्या ताणाने या रुग्णांना दुखते. फुगण्याची गंमत तर और आहे. पोट तट्ट असताना केलेल्या स्कॅनमध्ये अनेकदा वायू फारसा वाढलेला नसतो. छातीखालचा पडदा खाली सरकतो आणि पोटाचे स्नायू सैल पडतात, म्हणून पोट पुढे येते.

संसर्ग आणि आयबीएस यांचे नाते कॅनडातल्या वॉकर्टन गावाने दाखवून दिले. मे २०००मध्ये मुसळधार पावसाने शेणखतातले जंतू गावाच्या विहिरीत उतरले. दोन हजारांवर लोक आजारी पडले, सात दगावले. संशोधकांनी पुढे आठ वर्षे गावकऱ्यांचा माग ठेवला. तीव्र जुलाब झालेल्यांपैकी दोन-तीन वर्षांनी एक चतुर्थांशाहून जास्त जणांना आयबीएस होता, आठ वर्षांनी सुमारे १५ टक्क्यांना. जंतू केव्हाच गेले होते, त्यामुळे पुन्हा प्रतिजैविके देऊन मारायला काही उरलेच नव्हते. आपल्याकडच्या ‘जुन्या आवे’चे मूळही काही वेळा असेच असावे.

नोकरदाराला डॉक्टरांनी इसबगोल दिले: रात्री एक चमचा, भरपूर पाण्याबरोबर, मग हळूहळू वाढवून. ते पाणी धरून खडा मऊ करते आणि पातळ शौच बांधून आणते, म्हणून मिश्र प्रकारात ते सोयीचे. गव्हाचा कोंडा मात्र पोट आणखी फुगवू शकतो. त्याशिवाय कांदा, लसूण, गहू आणि राजमा-छोले चार ते सहा आठवडे कमी करून नंतर एकेक परत आणायचे. आयुष्यभर सोडायचे नाहीत.

त्याआधी हिमोग्लोबिन, सूज दाखवणारी शौचातील कॅलप्रोटेक्टिन चाचणी आणि गव्हाच्या सिलिअ‍ॅक रोगासाठी रक्ताची एक चाचणी झाली होती. तिन्ही ठीक निघाल्या. शौचातून रक्त, ताप, उतरणारे वजन, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, पन्नाशीनंतर पहिल्यांदा सुरू झालेली तक्रार किंवा घरात आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास यांपैकी काही असेल, तर आयबीएस हे निदान तिथेच थांबवून कोलोनोस्कोपीचा विचार करतात. आपल्याकडे आतड्याचा क्षयही तेव्हा शोधावा लागतो.