त्रिपद्धती व चिमटा रचना

मेणबत्ती-आलेखातील, म्हणजेच प्रचलित भाषेत कँडलस्टिक आलेखातील, दोन परस्परविरोधी अर्थांच्या आकृत्या. चढती किंवा उतरती त्रिपद्धती (राइजिंग व फॉलिंग थ्री मेथड्स) ही चालू असलेला कल थोड्या विश्रांतीनंतर पुढे जाणार असल्याची खूण मानली जाते; तर चिमटा-शिखर व चिमटा-तळ (ट्विझर टॉप व बॉटम) ही कल उलटण्याच्या शक्यतेची खूण होय. तेजीतील या दोन्ही आकृत्यांचा आरंभ कित्येकदा एकाच प्रकारे होतो. त्यामुळे आकृती ओळखण्यापेक्षा तिच्या पुष्टीला, म्हणजे आकृतीचा अर्थ खरा ठरविणाऱ्या पुढील व्यवहाराला, येथे अधिक महत्त्व आहे.

ही परिभाषा मूळची जपानी आहे. ओसाका शहरातील दोजिमा येथील तांदळाच्या बाजाराला शोगुन शासनाने 1730 मध्ये अधिकृत मान्यता दिली. तेथील व्यापारपरंपरेत साकाता गावचे व्यापारी होम्मा मुनेहिसा (1724−1803) यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. मेणबत्ती-आलेखाचे जनकत्वही परंपरेने त्यांच्याकडे दिले जाते. तथापि आलेखाचे सध्याचे स्वरूप त्यांच्यानंतर रूढ झाले असावे. साकाता पद्धती म्हणून प्रसिद्ध असलेल्या पाच सूत्रांपैकी ‘सान्पो’ म्हणजे त्रिपद्धती हे एक सूत्र आहे. विकणे, विकत घेणे व थांबणे या व्यवहाराच्या तीन पद्धती त्यात अभिप्रेत असून थांबणे ही घेण्याविकण्याइतकीच स्वतंत्र कृती मानली आहे. चिमट्यासाठी ‘केनुकी’ हा शब्द आहे. केस उपटण्याच्या चिमट्याची दोन टोके जशी एका पातळीवर येतात, तशी दोन मेणबत्त्यांची टोके येथे जुळतात. पाश्चात्त्य वाचकांना या आकृत्यांचा परिचय मुख्यत्वे स्टीव्ह निसन यांच्या 1991 मधील इंग्रजी ग्रंथामुळे झाला.

एक मेणबत्ती ही एका कालखंडातील, सामान्यतः एका दिवसातील, चार भाव दाखविते. उघडता भाव व बंद भाव यांमधील जाड भाग म्हणजे धड. धडाच्या वर उच्चांकापर्यंत व खाली नीचांकापर्यंत जाणाऱ्या बारीक रेषा म्हणजे छाया. बंद भाव उघडत्या भावापेक्षा वर असल्यास धड पांढरे व खाली असल्यास काळे काढतात.

चढती त्रिपद्धती : ही आकृती तेजीच्या कलातच अर्थपूर्ण ठरते. प्रथम एक लांब पांढरी मेणबत्ती येते. तिच्यामागून लहान धडाच्या, हळूहळू उतरणाऱ्या मेणबत्त्या येतात. त्या बहुधा तीन व काळ्या असतात. परंतु दोन किंवा चार असल्या, किंवा त्यांपैकी एखादी पांढरी असली, तरी आकृती बाद होत नाही. त्या सर्व पहिल्या मेणबत्तीच्या उच्चांक व नीचांक यांच्या मर्यादेत राहिल्या पाहिजेत, ही मात्र अट आहे. शेवटी पुन्हा एक लांब पांढरी मेणबत्ती येते. ती आदल्या दिवसाच्या बंद भावाच्या वर उघडून पहिल्या मेणबत्तीच्या बंद भावाच्याही वर बंद होते. मधल्या मेणबत्त्या ही विश्रांती आणि शेवटची मेणबत्ती ही पुष्टी होय. पुष्टी अशा रीतीने आकृतीतच समाविष्ट असल्याने अखेरचा बंद भाव हाती येईपर्यंत त्रिपद्धती घडली असे म्हणता येत नाही.

चिमटा-शिखर : तेजीनंतर लागोपाठच्या दोन मेणबत्त्यांचे उच्चांक एकाच भावावर आले, तर चिमटा-शिखर तयार होते. धडांचे रंग किंवा आकार यांविषयी काटेकोर नियम नाही. उच्चांक अगदी तंतोतंत जुळण्याचीही आवश्यकता नसते. एखाद्या समभागाच्या भावात दिवसाकाठी आठ-दहा रुपयांची हालचाल होत असेल, तर वीस-तीस पैशांचा फरक दुर्लक्षणीय ठरतो. दोन रुपयांचा ठरत नाही. चिमट्यावरून एवढेच कळते, की एका विशिष्ट भावाला खरेदीदार दोनदा पोहोचले आणि दोन्ही वेळा विक्रेत्यांनी त्यांना मागे लोटले. विक्रेते प्रबळ झाले, असे त्यावरून सिद्ध होत नाही. म्हणून चिमट्याची पुष्टी त्याच्या बाहेरून, पुढील मेणबत्त्यांकडून, यावी लागते.

उदाहरण : पुढील काल्पनिक भावांवरून हा भेद स्पष्ट होईल. एक समभाग 180 रुपयांपासून चढत आला आहे. पहिल्या दिवशी तो 200 ला उघडला, 199 ते 213 या मर्यादेत फिरला आणि 212 ला बंद झाला. उलाढाल सहा लाख समभागांची झाली. दुसऱ्या दिवशी तो 211 ला उघडून पुन्हा 213 पर्यंत गेला, 207 पर्यंत उतरला व 208 ला बंद झाला. उलाढाल अडीच लाखांची होती. दोन्ही दिवसांचा उच्चांक 213 असल्यामुळे हे चिमटा-शिखर झाले. दुसरे धड पहिल्या धडाच्या पोटात सामावत असल्याने खरेदीचा जोर ओसरल्याचाही संकेत मिळतो. त्याचबरोबर लांब पांढऱ्या मेणबत्तीनंतरची ही पहिली लहान काळी मेणबत्ती असून ती पहिलीच्या मर्यादेत आहे. म्हणजे चढत्या त्रिपद्धतीचा आरंभही हाच होय.

तिसऱ्या दिवशी भाव 208 वरून 205 वर येतो. नीचांक 204 असतो व उलाढाल दोन लाख. चिमट्याची सौम्य पुष्टी, म्हणजे दुसऱ्या मेणबत्तीच्या नीचांकाखालील बंद भाव, येथे मिळाली आहे, कारण 205 हा भाव 207 च्या खाली आहे. परंतु धड लहान आहे, उलाढाल पहिल्या दिवसाच्या एक-तृतीयांश आहे आणि 199 ही मर्यादा शाबूत आहे. भाव उतरला तो विक्रीच्या दडपणाने नव्हे, तर खरेदी थांबल्यामुळे, असाही याचा अर्थ होऊ शकतो. यानंतर दोन मार्ग संभवतात.

पहिल्या मार्गात चौथ्या दिवशी भाव 205 वरून 203 वर येऊन थांबतो. नीचांक 202 असतो व उलाढाल पावणेदोन लाखांपर्यंत घटते. पाचव्या दिवशी तो 205 ला, म्हणजे आदल्या बंद भावाच्या वर, उघडतो आणि साडेपाच लाखांच्या उलाढालीसह 215 ला बंद होतो. हा भाव 212 च्या वर असल्याने चढती त्रिपद्धती पूर्ण झाली. शिवाय तो 213 च्याही वर असल्याने चिमटा रद्द झाला. सौम्य पुष्टीवर विसंबून 205 ला मंदीची विक्री करणाऱ्यास 215 ला बाहेर पडावे लागले, म्हणजे दर समभागामागे दहा रुपये तोटा झाला. पाचवा बंद भाव 215 ऐवजी 211 असता, तर त्रिपद्धती अपुरी राहिली असती. ती फसली असे तेव्हा म्हणता आले नसते. विश्रांती अद्याप संपली नाही, एवढाच त्याचा अर्थ झाला असता.

दुसऱ्या मार्गात चौथ्या दिवशी भाव 205 ला उघडून पाच लाखांच्या उलाढालीत 197 ला बंद होतो. लांब काळे धड, वाढलेली उलाढाल आणि पहिल्या मेणबत्तीच्या नीचांकाखाली गेलेला बंद भाव ही चिमट्याची कठोर पुष्टी होय. 199 ची मर्यादा मोडल्याने त्रिपद्धतीची शक्यता त्याच क्षणी संपते.

पुष्टीची किंमत : पुष्टीसाठी थांबण्याला किंमत मोजावी लागते. पहिल्या मार्गात 215 ला खरेदी करणारा मधल्या नीचांकाखाली, म्हणजे 202 च्या खाली, तोटामर्यादा ठेवील. त्याची जोखीम तेरा रुपयांहून थोडी अधिक होते. तिसऱ्या दिवशीच 205 ला खरेदी करून 199 ला तोटामर्यादा ठेवणाऱ्याची जोखीम सहाच रुपये असते. परंतु दुसरा मार्ग घडला, तर पहिला खरेदीच करीत नाही व दुसऱ्याला सहा रुपये गमवावे लागतात. भाव मर्यादेखाली एकदम उघडल्यास त्याहूनही अधिक जातात. दोन्ही मार्गांच्या जोखमी भिन्न आहेत. कोणताही मार्ग जोखीममुक्त नाही.

उतरती त्रिपद्धती व चिमटा-तळ : मंदीमध्ये हेच नियम उलट दिशेने लागू होतात. उतरत्या त्रिपद्धतीत लांब काळ्या मेणबत्तीनंतर लहान, हळूहळू चढणाऱ्या मेणबत्त्या तिच्याच मर्यादेत येतात आणि शेवटची काळी मेणबत्ती पहिलीच्या बंद भावाखाली बंद होते. येथे उलाढालीचा आग्रह तितका धरीत नाहीत, कारण खरेदीदार बाजूला झाले तरी भाव आपल्या भारानेच घसरू शकतो. चिमटा-तळाच्या बाबतीत मात्र उलाढाल पाहणे आवश्यक असते. दोन समान नीचांकांनंतर दुसऱ्या मेणबत्तीच्या उच्चांकावरील बंद भाव ही सौम्य, तर पहिलीच्या उच्चांकावरील बंद भाव ही कठोर पुष्टी होय. दुसऱ्या मेणबत्तीला वरच्या बाजूस लहान धड व खाली लांब छाया असेल, तर तळाचा संकेत अधिक बळकट मानतात.

मर्यादा : कालखंड जितका लहान, तितका चिमटा कमी विश्वसनीय ठरतो. पाच मिनिटांच्या आलेखात समान उच्चांक वारंवार व निव्वळ योगायोगाने जुळतात. साप्ताहिक किंवा मासिक आलेखात तीच पातळी दोन पूर्ण आठवडे किंवा महिने टिकलेली असल्याने तिला अधिक वजन असते. अत्यल्प भावाच्या समभागातही समान उच्चांक फसवे असतात. भाव बदलण्याचे किमान एकक भावाच्या मानाने मोठे असल्याने थोड्याच पायऱ्या उपलब्ध असतात व उच्चांक आपोआप जुळतात. बक्षीस-भाग किंवा समभाग-विभाजन यांनुसार आलेखातील जुने भाव दुरुस्त केलेले नसतील, तर खऱ्या व्यवहारात नसलेली दरी दिसते आणि तिच्या आसपासची कोणतीही आकृती निरर्थक होते.

त्रिपद्धतीची अडचण निराळी आहे. तिच्या सर्व अटी एकत्र जुळून येणे विरळ असल्याने निरीक्षक अटी सैल करू लागतो. यांपैकी मधल्या मेणबत्त्यांची संख्या व रंग ह्या अटी सैल करता येतात. मर्यादेची अट व शेवटच्या बंद भावाची अट सैल करता येत नाहीत, कारण पहिलीवाचून विश्रांती व दुसरीवाचून पुष्टी उरत नाही. दोन्ही आकृत्या भाव कोठवर जाईल हे सांगत नाहीत. कोणत्या भावाला आपला तर्क चुकला असे मानावे, एवढेच त्यांवरून निश्चित करता येते.