अन्न-असहिष्णुतेची रक्तचाचणी : ‘पॉझिटिव्ह’चा अर्थ काय?

काय मोजतात? रक्ताच्या एकाच नमुन्यात अनेक पदार्थांविरुद्धची आयजीजी प्रतिपिंडे म्हणजे अँटिबॉडी.

इतके पदार्थ ‘पॉझिटिव्ह’ का निघतात? आयजीजी ही बहुधा तो पदार्थ खाण्यात असल्याची खूण असते. रेणापूरच्या घरात रोज ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, शेंगदाण्याची चटणी आणि दूध असेल, तर काही त्रास नसतानाही त्यांचेच आकडे चढे येऊ शकतात. शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीवर उपचार लागू पडतात, तेव्हा आयजीजीचा आयजीजी-४ हा प्रकार उलट वाढतो.

फसगत कुठे होते? अहवाल पाहून चारही पदार्थ बंद केले आणि पोटफुगी थांबली, तर चाचणी खरी वाटते. प्रत्यक्षात दुधातली लॅक्टोज साखर न पचणं हे एकच कारण असू शकतं. त्यात लॅक्टेज हे विकर कमी पडतं; प्रतिपिंडांचा संबंध नसतो. लॅक्टोज पचत नसल्याचं श्वासातल्या हायड्रोजनच्या चाचणीतून कळतं.

वेगळे आजार, वेगळ्या चाचण्या
- अ‍ॅलर्जी : आयजीई प्रतिपिंडे. बहुधा दोन तासांच्या आत पित्त उठणं, ओठ सुजणं, धाप लागणं. आयजीई पॉझिटिव्ह आली तरी लक्षणांशी ताडून पाहावी लागते.
- सीलिअ‍ॅक : गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा. टीटीजी-आयजीए चाचणी गहू बंद करण्याआधी करतात. नंतर ती निगेटिव्ह येऊ शकते.

तज्ज्ञसंस्थांची भूमिका : युरोपातील अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने 2008 मध्ये आणि कॅनडातील संघटनेने 2012 मध्ये अन्न-असहिष्णुतेच्या निदानासाठी आयजीजी चाचणी वापरू नये, असं सांगितलं.