वॉशिंग मशीन घ्यायचंय? आधी टाकीची उंची मोजा

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत एका ताईंनी वॉशिंग मशीनसाठी कर्ज मागितलं. घरात सहा माणसं, त्यात दोघं शेतात राबणारी. ताईंची कंबर धरलेली. कर्ज द्यायचं यावर कुणाचंच दुमत नव्हतं. वाद झाला तो मशीन कुठलं घ्यायचं यावर. मुलगा म्हणत होता पुढून दार असलेलं, म्हणजे फ्रंट लोड. त्याला पाणी कमी लागतं. ताईंना हवं होतं वरून झाकण असलेलं, म्हणजे टॉप लोड. दोन्हींच्या किमतीत दहा-बारा हजारांचा फरक. कर्ज गटाचं, म्हणून आम्ही ठरवलं की नीट पाहूनच पैसे द्यायचे.

आधी पाणी. गटातल्या दोघींच्या घरी मशीन आहे, एकीकडे टॉप लोड, दुसरीकडे फ्रंट लोड. दोन्ही सात किलोची. आम्ही मशीनची सांडपाण्याची नळी पिंपात सोडली आणि एका धुण्याचं सगळं पाणी पंधरा लिटरच्या बादलीनं मोजलं. टॉप लोडचं पाणी भरलं आठ बादल्या, म्हणजे १२० लिटर. फ्रंट लोडचं चार बादल्या, ६० लिटर. निम्मं!

असं का होतं? टॉप लोडमध्ये ड्रम उभा असतो. कपडे पाण्यात बुडून तरंगावे लागतात, तेव्हा तळाची चकती ते घुसळते. म्हणून धुताना एकदा आणि खळबळताना दोनदा ड्रम भरावा लागतो. फ्रंट लोडचा ड्रम आडवा. तळाशी थोडंसं पाणी असतं, ड्रम फिरतो तसे कपडे वर जातात आणि खाली आपटतात. आपण दगडावर धुणं आपटतो, तसंच काहीसं.

ताईंच्या गावात नळाला चार दिवसांनी पाणी येतं. टाकी हजार लिटरची. चार दिवसांत दोनदा मशीन लावलं तर टॉप लोडला २४० लिटर जाणार, म्हणजे टाकीचा जवळजवळ चौथा हिस्सा. फ्रंट लोडला १२०. इथपर्यंत मुलाचं म्हणणं बरोबर होतं.

पण आम्ही ताईंच्या घरी गेलो तेव्हा टाकी दिसली पत्र्याच्या न्हाणीशेजारी, लोखंडी स्टँडवर. नळापासून जेमतेम चार फूट उंच. फ्रंट लोडला पाणी दाबानं यावं लागतं. त्यासाठी टाकीचा तळ नळापेक्षा साधारण दहा फूट तरी वर हवा. नाहीतर मशीन पाण्याची वाट बघत थांबतं आणि पाणी येत नाही असा इशारा देत राहतं. तिथे बादलीनं पाणी ओतायची सोय नाही. दाब वाढवायचा तर छोटा पंप बसवायचा किंवा स्टँड उंच करायचा, म्हणजे खर्च वाढला. टॉप लोडही दाब कमी असला तर रेंगाळतं, पण झाकण उघडून बादलीनं पाणी ओतता येतं.

याच सोयीतून पाणी वाचवायची वाटही निघाली. एकापाठोपाठ दोन वेळा धुणं लावायचं असेल, तर पहिल्या धुण्याचं शेवटचं खळबळलेलं पाणी पिंपात धरायचं. ते बऱ्यापैकी स्वच्छ असतं. दुसऱ्या धुण्याला मशीन पाणी घ्यायला लागलं की झाकण उघडून तेच ओतायचं. हवी ती पातळी झाली की मशीन नळाचं पाणी थांबवतं. दोन-अडीच बादल्या वाचतात. साबणाचं पाणी संडासात आणि ओटा-मोरी धुवायला वापरायचं.

आता कपड्यांचं बघू. टॉप लोडमध्ये कपडे एकमेकांत गुंततात. साडीचा पीळ होतो, परकराच्या नाड्या सगळ्यांना वेढून बसतात. म्हणून नाडीला गाठ मारायची, साडी घडी करून जाळीच्या पिशवीत टाकायची. फ्रंट लोडमध्ये कापड कमी झिजतं आणि कपडे जास्त पिळून निघतात, पावसाळ्यात लवकर वाळतात. मात्र त्याला कमी फेसाची वेगळी पावडर लागते. साधी पावडर घातली तर फेस होतो, साबण अंगात राहतो. धुण्याला वेळही दीड-दोन तास लागतो. मध्येच लाईट गेली तर दार अडकून राहतं, कपडे आत.

शेतातल्या कपड्यांचा चिखल दोन्ही मशीनसाठी आधी झटकून, एकदा पाण्यातून काढायचा. गोधडी कुठल्याच मशीनमध्ये घालू नका. ओली गोधडी एका बाजूला गोळा होते, पिळताना मशीन थडथडतं आणि त्या धक्क्यानं आतले आधार आणि बेअरिंग जातात.

दुरुस्तीचं आम्ही तालुक्याच्या मेकॅनिकभाऊंना विचारलं. टॉप लोडमध्ये बहुतेक वेळा पाणी घेणारा व्हॉल्व्ह, पाणी सोडणारी मोटर किंवा पट्टा जातो. काम काही शे ते दीड-दोन हजारांत होतं. खालून उघडं असेल तर उंदीर वायरी कुरतडतात, म्हणून घेतानाच जाळी बसवून घ्यायची. फ्रंट लोडचं मोठं दुखणं म्हणजे ड्रमचं बेअरिंग. बऱ्याच मशीनमध्ये बाहेरचं टब कायमचं जोडलेलं असतं, त्यामुळे छोट्या बेअरिंगसाठी अख्खं टब बदलावं लागतं आणि खर्च काही हजारांत जातो. हे ओळखायचं कसं? मशीन बंद करून आतला ड्रम हातानं वर-खाली हलवायचा. खडखड हलला, किंवा पिळताना जात्यासारखी घरघर आली, तर बेअरिंग गेलंय. जुनं मशीन घेताना ही परीक्षा केल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणखी एक. जाहिरातीत मोटरला दहा वर्षांची वॉरंटी म्हणतात, ती फक्त मोटरचीच. बेअरिंग, दाराचं रबर आणि सर्किट बोर्ड त्यात नसतात. बोर्ड दोन्ही मशीनमध्ये महाग आणि कमी-जास्त व्होल्टेजनं जळतो. बाकी भागांची वॉरंटी किती वर्षं आणि माणूस गावापर्यंत येईल का, हे दुकानदाराकडून पावतीवर लिहून घ्या.

शेवटी गटानं टॉप लोडसाठी अठरा हजारांचं कर्ज मंजूर केलं, शेकडा एक रुपया व्याजानं. मुलगा आधी हिरमुसला, पण टाकीची उंची त्यानंच टेपनं मोजली होती. त्याच बैठकीत दुसऱ्या एका ताईंना मात्र आम्ही फ्रंट लोड सुचवलं. त्यांची टाकी स्लॅबच्याही वर स्टँडवर आहे, उन्हाळ्यात टँकरचं पाणी विकत घ्यावं लागतं आणि मेकॅनिक त्यांच्याच गावात राहतो. त्यांच्यासाठी वाचलेली प्रत्येक बादली म्हणजे वाचलेले पैसे.

तेव्हा मैत्रिणींनो, दुकानात जाण्याआधी टेप घ्या आणि टाकी मोजा.