बरोबरी झाली, तर आधी कोण?

ओटीपी, खरेदीची पावती आणि महिन्याचे स्टेटमेंट एकच प्रोग्रॅम पाठवत असला, तरी ओटीपीला ताटकळत ठेवून चालत नाही. म्हणून प्रत्येक कामाला आकडा देतात: ओटीपीला १, पावतीला २, स्टेटमेंटला ३. कामे ‘प्रायॉरिटी क्यू’त जातात आणि सर्वांत लहान आकड्याचे काम आधी बाहेर पडते.

ही रांग आतून बहुधा ‘हीप’ असते; जे. डब्ल्यू. जे. विल्यम्स यांनी १९६४ मध्ये मांडलेली. हीप सगळी कामे ओळीने लावत बसत नाही. वरच्या कामाचा आकडा खालच्या दोघांपेक्षा मोठा नको, एवढेच ती पाहते. त्यामुळे दहा लाख कामे असली, तरी एक काम काढून घडी पुन्हा बसवायला वीसेक पायऱ्या पुरतात.

मेख आहे ती सारख्या आकड्यांत. समजा क, ख, ग या तीन पावत्या याच क्रमाने आल्या. माथ्यावर क, तिच्याखाली ख आणि ग. क बाहेर पडली की नेहमीच्या रीतीने शेवटची ग उचलून माथ्यावर ठेवतात आणि खालच्या खशी ताडून पाहतात. खचा आकडा लहान नाही, म्हणून ग तिथेच राहते. शेवटी आलेली ग अशी खच्या आधी निघून जाते.

पायथनमध्ये आकडा आणि ग्राहकाचे नाव अशी जोडी ठेवली, तर गंमत वेगळीच. आकडे जुळले की नावांची तुलना होते, म्हणजे अजयची पावती आधी आणि यशवंत कायम मागे! उपाय साधा: मध्ये टोकन क्रमांक घालायचा.

```
heapq.heappush(heap, (priority, next(counter), task))
```

टोकन कधीच सारखे नसते, त्यामुळे तुलना तिथेच थांबते. टोकनाऐवजी घड्याळाची वेळ वापरू नये. दोन कामांची वेळ एकच पडू शकते.

एवढ्याने कामांना न्याय मिळतो, ग्राहकांना मिळतोच असे नाही. एका मोठ्या दुकानाने दहा वाजता १०,००० पावत्या एकदम टाकल्या आणि सेकंदाला १० जातात असे धरू. दहा वाजून एक मिनिटाने आलेली छोट्या दुकानाची एकुलती पावती उरलेल्या ९,४०० पावत्यांमागे पंधरा मिनिटांहून जास्त थांबेल. माझ्या मते टोकन इथे प्रत्येक दुकानाचे वेगळे हवे: त्याची पहिली पावती पहिल्या फेरीत, दुसरी दुसऱ्या फेरीत. फेरी सारखी असेल, तरच सामाईक टोकन पाहायचे.

मात्र नव्या दुकानाची मोजणी एकपासून सुरू करू नये, नाहीतर ते मागाहून येऊन ६०० पावत्या सलग पुढे घुसवेल. चालू फेरी ६०१ असेल, तर त्याची पहिली पावतीही ६०१व्या फेरीतच धरायची.