जोडणी तोडायला चार सेगमेंट का लागतात?

प्रिय अभ्यासगटास,

मागच्या बैठकीत तुमच्यापैकी एकाने विचारलं होतं: टीसीपीची जोडणी तीन सेगमेंटमध्ये उभी राहते, मग मोडायला चार कशाला? तिथे सिन आणि ॲक एकाच सेगमेंटमधून जातात, तसे इथे फिन आणि ॲक का जात नाहीत? तोंडी उत्तर अर्धवट राहिलं होतं, म्हणून हे पत्र.

टीसीपीची एक जोडणी म्हणजे खरं तर दोन स्वतंत्र प्रवाह असतात. एक तुमच्याकडून सर्व्हरकडे वाहतो, दुसरा सर्व्हरकडून तुमच्याकडे. फिनचा अर्थ ‘जोडणी संपली’ असा नसतो. ‘माझ्याकडून पाठवायचं संपलं’ एवढंच तो सांगतो. ऐकणं चालूच राहतं. १९८१च्या आरएफसी ७९३ मध्ये, म्हणजे टीसीपीच्या मूळ मानकातही, हेच आहे.

एक उदाहरण घेऊ. सर्व्हरवर नावांची यादी अकारविल्हे लावून देणारा प्रोग्रॅम आहे. तुम्ही १२०० बाइटची यादी पाठवता. पण शेवटचं नाव आल्याशिवाय सर्व्हरला पहिलं नाव कोणतं तेही सांगता येत नाही, कारण शेवटून येणारं नाव ‘अजित’ असू शकतं. म्हणून यादी संपल्याचं त्याला कळायलाच हवं. ते कळवण्यासाठी तुमचा प्रोग्रॅम `shutdown(fd, SHUT_WR)` म्हणतो आणि पहिला सेगमेंट निघतो: फिन. बाइटची मोजणी १ पासून धरली, तर त्याचा अनुक्रमांक १२०१. फिनमध्ये माहितीचा एकही बाइट नसला तरी तो एक क्रमांक खातो. त्यामुळे त्याची वेगळी पोच देता येते आणि तो वाटेत हरवला तर ते कळतं.

सर्व्हरच्या यंत्रावरची कार्यप्रणाली पोच देते: ॲक १२०२. हा दुसरा सेगमेंट. तुमचा प्रश्न नेमका इथलाच आहे. समजा, यादी लावायला पाच सेकंद लागणार आहेत. सर्व्हरने आपला फिन आत्ताच दिला, तर निकाल पाठवायची वाट बंद होते. उलट, फिनसोबत देऊ म्हणून पोच अडवून ठेवली, तर तुमच्या बाजूचा गजर केव्हाच वाजतो आणि फिन हरवला असं समजून तुमचं यंत्र तो पुन्हा पुन्हा पाठवत राहतं. पोच लगेच हवी आणि फिन काम उरकल्यावरच देता येतो, म्हणून दोघांना वेगळं निघावं लागतं. शिवाय पोच देते कार्यप्रणाली, तर फिन निघतो तो प्रोग्रॅमच्या सांगण्यावरून. प्रोग्रॅमला किती वेळ लागेल, हे कार्यप्रणालीला ठाऊक नसतं. जोडणी उभारताना ही अडचण येत नाही. सर्व्हरला सिन पाठवण्याआधी कुठलंच काम उरकायचं नसतं, म्हणून सिन आणि ॲक एकत्र जातात.

पाच सेकंदांनी लावलेली यादी येते आणि तुमचं यंत्र तिची पोच देतं. मग सर्व्हरचा प्रोग्रॅम `close()` म्हणतो, त्याचा फिन येतो, तुमची पोच जाते. झाले चार. ही शेवटची पोच हरवली तर सर्व्हर फिन पुन्हा पाठवेल. त्याला उत्तर द्यायला कुणीतरी हवं, म्हणून तुमचं यंत्र TIME-WAIT अवस्थेत थांबून राहतं. लिनक्सवर साठ सेकंद.

वायरशार्कमध्ये तुम्हाला कधी तीनच सेगमेंट दिसले तर गोंधळू नका. मानकाप्रमाणे पोच थोडी, अर्ध्या सेकंदाच्या आत, रोखून धरता येते. तेवढ्यात सर्व्हरच्या प्रोग्रॅमनेही जोडणी बंद केली, तर फिन आणि ॲक एकत्रच जातात. चार हा नियम नव्हे. दोन फिन आणि प्रत्येकाची पोच, हा नियम.

दुसऱ्या आणि तिसऱ्या सेगमेंटच्या मधल्या काळात सर्व्हर CLOSE-WAIT अवस्थेत असतो. माझ्या मते यातला सर्वांत उपयोगी भाग हाच आहे. या अवस्थेला कार्यप्रणालीने कसलीही मुदत घातलेली नाही. प्रोग्रॅम `close()` म्हणायला विसरला तर जोडणी तशीच लटकते. अशा शेकडो साठल्या की एके दिवशी `Too many open files` दिसतं आणि नवी जोडणी घेता येत नाही. सर्व्हरवर हे चालवून पाहा:

```
ss -tan state close-wait
```

एखाद-दुसरी ओळ दिसली आणि लगेच गेली, तर ठीक. त्याच ओळी तासाभरानेही तशाच असतील आणि त्यांत भर पडत असेल, तर नेटवर्कला दोष देऊ नका. समोरच्याचा फिन पोचला आहे, त्याची पोचही गेली आहे. अडलाय तो आपल्याच यंत्रावरचा प्रोग्रॅम. पुढच्या वेळी येताना त्या यादीच्या प्रोग्रॅममधला `close()` मुद्दाम काढून आणा. पलीकडच्या यंत्रावर तेव्हा FIN-WAIT-2 दिसतं का, आणि तिथल्या प्रोग्रॅमनेही जोडणी सोडून दिली असेल तर ते साठ सेकंदांनी नाहीसं होतं का, ते पाहू.

तुमचा,
सर