आई-अण्णांच्या लग्नाचा वाढदिवस आणि चारचौघांपुढचा मजकूर

आई-वडिलांच्या लग्नाच्या 50 व्या वाढदिवसाला मुले समाजाच्या समूहावर जो मजकूर टाकतात, त्यात प्रेम असतेच. पण त्याबरोबर लग्नाची पूर्ण तारीख, आईचे माहेरचे आडनाव, राहता पत्ता आणि ‘आज आम्ही सर्व कुंभोज बाहुबलीला निघालो आहोत’ ही वार्ताही असते. आईचे माहेरचे आडनाव हा ओळख पटविण्यासाठी विचारला जाणारा जुना प्रश्न होय. फसविण्यासाठी फोन करणाऱ्याला एवढे तपशील ठाऊक असले, की वृद्ध माणसाला तो नात्यातलाच वाटू लागतो.

परिचयातील एका कन्येने मजकुरासाठी निवडलेला प्रसंग मोठा हृद्य होता. दुकानात खोट आली तेव्हा आईने पाटल्या मोडल्या होत्या. समूहावर टाकण्यापूर्वी तिने तो दोघांना वाचून दाखविला. अण्णा काहीच बोलले नाहीत. आई म्हणाली, “पाटल्यांचं घरातच राहू दे गं. ह्यांना अजून लागतं ते.” मजकूर पाठविल्यावर विचारून उपयोग नसतो, आपण पुसला तरी पुढे गेलेली प्रत इतरांकडे उरतेच.

मग तिने विचारले, “तर सांगू काय?” दोघेही हसले आणि पुढील हकीकत निघाली. आडनाव, गाव व तारीख वगळून तिने ती अशी लिहिली:

“आई-अण्णांच्या सहजीवनाला 50 वर्षे झाली. तेव्हा दुकान घरासमोरच होते. दिवस मावळण्यापूर्वी जेवण व्हावे, ही दोघांची रीत. पण गिऱ्हाइकांसमोर हाक मारणे नव्या नवरीला अवघड. म्हणून पान वाढण्याची वेळ झाली की आई गच्चीच्या तारेवर लाल पंचा टाकी. तो दिसताच अण्णा तराजू खाली ठेवीत. एकदा पंचा काढायचा राहिला आणि दुसऱ्या दिवशी अण्णा सकाळी 10 वाजताच पाटावर येऊन बसले!”

छायाचित्राचे काम अधिक नाजूक निघाले. लग्नातील चित्रात इतर नातलग होते, त्या सर्वांना विचारणे शक्य नव्हते. ते बाजूला ठेवले. अलीकडच्या चित्रात मागे दारावरची पाटी व घरक्रमांक दिसत होता, तेवढा भाग कापला. मोबाइलने काढलेल्या मूळ चित्रात स्थळाची नोंद दडलेली असू शकते आणि ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविल्यास ती सोबत जाते. तिने कापलेल्या चित्राचा स्क्रीनशॉट घेऊन तोच वापरला. चित्राखालची ओळ एवढीच: “मोगऱ्याच्या कुंडीपाशी आई-अण्णा. छायाचित्र: धाकटी नात.” नातीचे नाव व शाळा हेतुतः नाही.

मजकूर गेला तो बाहुबलीहून सर्वजण घरी परतल्यावर, तिसऱ्या दिवशी. अण्णांनी एकच दुरुस्ती सुचविली होती: पंचा लाल नव्हता, पांढरा होता, लाल होते ते काठ.